नवरा-बायकोतला ट्रेडिंगचा लेखी करार: बजेट, महिन्याची तोटा मर्यादा आणि आढाव्याची तारीख (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. आमचे हे अंबड एमआयडीसीत शिफ्टला जातात, मी सातपूरच्या एका वर्कशॉपचे अकाउंट्स बघते. तीन वर्षांपूर्वी बाजारात गेलेल्या पैशांवरून आमच्या घरात बोलणंच बंद व्हायची वेळ आली होती. तेव्हा आम्ही एका पानाचा करार लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या. तो अजून चालू आहे. ओळखीतल्या बायका, आणि आता काही पुरुषसुद्धा, त्याबद्दल विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहिली आहेत. आकडे आमच्या घरचे आहेत, तुमचे वेगळे येतील.

करारात नेमकं काय लिहिलेलं असतं?

आमच्या पानावरचा मुख्य मजकूर हा आहे:

"ट्रेडिंग खात्यात वर्षभरात जास्तीत जास्त 60,000 रुपये. ते संपले तर वर्ष संपेपर्यंत नवीन पैसे घालायचे नाहीत. एका महिन्यात 5,000 रुपये तोटा झाला की सगळ्या पोझिशन त्याच दिवशी बंद आणि पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपर्यंत ट्रेडिंग बंद. तोटा लेजरवरून मोजायचा, ॲपवरून नाही. कर्ज, क्रेडिट कार्ड, सोने तारण, भिशी, पीएफ आणि मुलीची एफडी यातला रुपया बाजारात जाणार नाही. ऑप्शन विकायचे नाहीत. ट्रेडिंग एकाच खात्यातून. आढावा 10 जानेवारी, 10 एप्रिल, 10 जुलै आणि 10 ऑक्टोबरला, रात्री जेवणं झाल्यावर. मधल्या काळात कोणीही आकडे बदलायचे नाहीत."

खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. पोझिशन म्हणजे केलेला पण अजून न मिटवलेला सौदा. लेजर म्हणजे ब्रोकरकडचा आपल्या खात्याचा जमा-खर्च. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाला घ्यायचा किंवा विकायचा हक्क, तो का विकायचा नाही ते पुढे येईल. पैसे कुठून आणायचे नाहीत ते नावानिशी लिहा. "घरखर्चाला हात लावायचा नाही" असं मोघम लिहिलं, तर भिशीचे पैसे घरखर्चात येतात की नाही यावर तासभर वाद होतो. आमच्याकडे झालेला आहे.

बजेटचा आकडा ठरवायचा कसा?

आधी महिन्याची तोटा मर्यादा ठरवा, बजेट तिच्यातून निघतं. बहुतेक जण उलटं करतात. एक लाख बाजूला ठेवतात आणि मग त्यातले किती गेले तर चालतील याचा विचार करतात. एक लाखासमोर दहा हजार नेहमीच लहान वाटतात.

आमचा दोघांचा पगार मिळून हातात 74,000 येतात. घराचा हप्ता, शाळा, किराणा, पेट्रोल, सासूबाईंची औषधं आणि सणवारासाठी बाजूला काढलेले पैसे वजा केले की साधारण 11,000 उरतात. त्यातले 6,000 एसआयपीत जातात. उरले 5,000. ते दर महिन्याला पूर्ण गेले तरी कुठला हप्ता चुकणार नाही, म्हणून मर्यादा 5,000. बाराही महिने वाईट गेले तर 60,000 जातील, म्हणून वर्षाचं बजेट 60,000. अर्थात हे सगळं सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बँकेत साठल्यावर. त्याआधी आम्ही आठ महिने ट्रेडिंग पूर्ण बंद ठेवलं होतं.

बाराही महिने वाईट जातील असं कशाला धरायचं, असं यांनीही विचारलं होतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, म्हणजे एफ अँड ओमध्ये, ट्रेड करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला आणि तो सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास होता. तेव्हा हे पैसे परत येतील असं धरून घराचं गणित मांडूच नका.

तोटा मोजायचा कसा? इथेच आमचं भांडण होतं.

सगळ्यांचं इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्याच वर्षीच्या ऑगस्टची गोष्ट. 1 तारखेला खात्यात 57,400 रुपये होते आणि एकही पोझिशन उघडी नव्हती. 12 तारखेला रात्री मी विचारलं, "अहो, या महिन्याचं किती झालं?" ते म्हणाले, "तीन हजार दीडशे. अजून अठराशे पन्नास बाकी आहेत." ॲपवर खरंच तोटा 3,150 दिसत होता. ते खोटं बोलत नव्हते.

मग आम्ही लेजर डाउनलोड केलं. रोख शिल्लक होती 31,260. शिवाय डीमॅटमध्ये 22,350 ला घेतलेले एका कंपनीचे शेअर होते, त्यांची त्या दिवशीची किंमत 20,950. दोन्ही मिळून 52,210. महिन्याची सुरुवात 57,400 ने झाली होती, म्हणजे 5,190 गेले होते. मर्यादा आधीच ओलांडली होती.

मधले 2,040 दोन जागी लपले होते. 640 रुपये दलाली, एसटीटी हा सौद्यांवरचा कर, एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी असे गेले होते. त्या ॲपच्या पहिल्या पानावरच्या आकड्यात ते धरलेले नव्हते. रोज येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये मात्र एकेक दिसतात. उरलेले 1,400 त्या शेअरवरचे. ते घेतले होते इंट्राडेसाठी, म्हणजे त्याच दिवशी विकायला. भाव पडला, तोटा बुक करवेना, म्हणून डिलिव्हरीत नेले, म्हणजे न विकता डीमॅटमध्ये ठेवून दिले. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, ते आता गुंतवणूक म्हणून ठेवलेत." आम्हा दोघांना डोळे उघडून बसावं लागलं ते या एका वाक्यामुळे. पडलेला इंट्राडे ट्रेड गुंतवणूक म्हणून ठेवता येत असेल, तर तोटा मर्यादा कधीच गाठली जाणार नाही.

म्हणून करारामागे हा हिशेब लिहिला:

```
महिन्याचा निकाल = शेवटची रोख शिल्लक
                 + उघड्या पोझिशनची आजची किंमत
                 + महिन्यात काढलेले पैसे
                 − महिन्यात घातलेले पैसे
                 − 1 तारखेची एकूण रक्कम
```

यात चार्जेस आपोआप येतात आणि "गुंतवणूक" म्हणून काही बाजूला काढता येत नाही. घातलेले पैसे वजा करायला विसरू नका. समजा त्याच रात्री खात्यात 8,000 टाकले असते, तर एकूण 60,210 दिसले असते आणि महिना नफ्यात आहे असं वाटलं असतं. खात्यातली रक्कम बघून समाधान मानणाऱ्या घरांत नेमकं हेच होत असतं.

एक बारीक गोष्ट. व्यवहाराची नोंद लेजरमध्ये बसायला एखादा कामाचा दिवस लागतो, म्हणून 1 तारखेचा आकडा 3 तारखेला बघून लिहा. आम्ही तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहितो.

रोज मोजायचं का?

नाही. रोज विचारलं की ती चौकशी होते आणि समोरचा लपवायला शिकतो. आम्ही दर शनिवारी, बाजार बंद असताना, पाच मिनिटांत आकडा बघतो. महिन्यातल्या तोट्याने 3,000 ओलांडले की त्यांनी आपणहून सांगायचं, एवढं ठरलेलं आहे.

मर्यादा गाठली की नक्की काय करायचं?

पोझिशन बंद करायच्या, रोख रक्कम त्याच दिवशी बँकेत मागवायची आणि खात्यावर कुलूप घालायचं. काही ब्रोकरच्या ॲपमध्ये सेगमेंट, म्हणजे एफ अँड ओसारखा बाजाराचा एखादा विभाग, स्वतःहून बंद करायची सोय असते, तिला किल स्विच म्हणतात. ते चालू केलं की ठराविक तास तो सेगमेंट परत उघडत नाही. ते तास थोडेच असतात, पण गेलेले पैसे आत्ताच्या आत्ता परत मिळवायची जी उबळ येते, ती सहसा त्याच दिवसाची असते. तुमच्या ॲपमध्ये ही सोय नसेल तर एफ अँड ओ सेगमेंट बंद करण्याची विनंती ब्रोकरकडे टाका.

आणखी एक सोय फारशी कोणी वापरत नाही. न वापरलेले पैसे ब्रोकरला ठराविक काळाने ग्राहकाच्या बँक खात्यात परत पाठवावेच लागतात, सेबीचा तसा नियम आहे. ते दर महिन्याला की दर तिमाहीला, हे ग्राहक निवडतो. खातं उघडताना बहुतेकांनी न वाचताच तिमाही निवडलेलं असतं. ते बदलून मासिक करा. पैसे एकदा बँकेत आले की परत पाठवताना विचार होतो. महिन्याच्या हिशेबात ही रक्कम "काढलेले पैसे" मध्ये धरायची.

एकाच दिवसात मर्यादेच्या पलीकडे तोटा झाला तर?

होऊ शकतो, आणि हे करार लिहितानाच लक्षात घ्यायला हवं. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी एका दिवसात जवळपास 6 टक्क्यांनी खाली बंद झाला. बाजार आदल्या दिवशीच्या भावापासून लांब उघडला किंवा धडाधड पडला, तर स्टॉपलॉस, म्हणजे अमुक भाव आला की सौदा बंद करा अशी आधीच दिलेली ऑर्डर, लावलेल्या भावाला पूर्ण होईलच असं नाही. स्टॉपलॉस लिमिट ऑर्डर तर भाव पुढे निघून गेल्यावर तशीच पडून राहते.

म्हणून नुसती महिन्याची मर्यादा पुरत नाही. आम्ही दोन गोष्टी जोडल्या. एका ट्रेडमध्ये ठरवून 1,000 पेक्षा जास्त जोखीम घ्यायची नाही, म्हणजे सलग पाच ट्रेड चुकल्यावरच मर्यादा येते. आणि ऑप्शन विकायचे नाहीत. विकत घेतलेल्या ऑप्शनमध्ये जास्तीत जास्त त्यासाठी दिलेली किंमत, म्हणजे प्रीमियम, आणि चार्जेस जातात. विकलेल्या ऑप्शनमध्ये मिळणारी रक्कम आधीच ठरलेली असते आणि जाणारी रक्कम खात्यातल्या पैशांपेक्षाही मोठी होऊ शकते. तसं झालं तर ब्रोकर ती बाकी वसूल करतो, त्याला तुमच्या घरातलं पान बंधनकारक नाही. तोटा मर्यादा लिहायची आणि ऑप्शन विकायला मोकळीक ठेवायची, याला मी करार म्हणणार नाही.

आढाव्याची तारीख आधीच का ठरवायची? गरज पडेल तेव्हा बसलं तर?

गरज दोनच वेळा पडल्यासारखी वाटते, मोठा तोटा झाल्यावर आणि मोठा नफा झाल्यावर. या दोन्ही वेळी घेतलेले निर्णय आमच्याकडे चुकलेले आहेत. 10 तारीख घेतली कारण पगार 7 ला होतो, हप्ते 5 ते 9 च्या दरम्यान जातात आणि मागच्या महिन्याची सगळी स्टेटमेंट्स तोवर आलेली असतात.

आढाव्याला आम्ही तीन महिन्यांचे निकाल लिहितो आणि मग मोठे तोटे कोणत्या दिवशी झाले ते कॅलेंडरवर खुणा करून बघतो. पहिल्याच आढाव्यात एक गोष्ट दिसली. अकरा मोठ्या तोट्यांपैकी नऊ दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यातले होते. फर्स्ट शिफ्टला ते बाजाराच्या वेळात कामावर असतात, दोन-चार वेळाच फोन बघणं होतं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी सव्वानऊपासून जेवून निघेपर्यंत घरी एकटे, हातात मोबाईल. मी ऑफिसला, मुलगी शाळेत. बाजार त्या आठवड्यांत काही वेगळा नव्हता, फक्त ट्रेडची संख्या तिप्पट होती. मग ओळ वाढवली: सेकंड शिफ्टच्या आठवड्यात दिवसाला एकच ट्रेड. पुढच्या तीन महिन्यांत एकदाही मर्यादा गाठली गेली नाही. नफाही फार झाला असं नाही, पण चार्जेस निम्म्यावर आले.

आढाव्यात मर्यादा कमी करायची असेल तर लगेच करतो. वाढवायची मागणी आली तर ती फक्त लिहून ठेवतो आणि निर्णय पुढच्या आढाव्याला. दोनदा अशी मागणी लिहिली गेली. तीन महिन्यांनी दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच ती खोडली.

आमची द्राक्षबाग आहे, महिन्याचा पगार नाही. आम्ही कसं करायचं?

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे हे जवळून माहीत आहे. बागायतदाराच्या हातात हंगामात एकदम मोठी रक्कम येते आणि तेव्हा दोन-तीन लाख किरकोळ वाटतात. पण ते पैसे एप्रिलच्या खरड छाटणीचे, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीचे, औषधांचे आणि मजुरीचे असतात. म्हणून बजेट हंगामाचे पैसे आले की लगेच ठरवू नका. सोसायटीचं पीककर्ज भरून, दोन्ही छाटण्यांचा खर्च आणि वर्षाचा घरखर्च वेगळ्या खात्यात टाकून जे उरेल त्यातून वर्षाचा आकडा काढा आणि त्याला बाराने भागा. आढावे दोन पुरेत, एक हंगाम संपल्यावर आणि एक गोडी छाटणीच्या आधी. आणि व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे उरलेल्या रकमेत धरू नका.

नफा झाला तर मर्यादा वाढते का?

नाही. नफ्याच्या महिन्यानंतरही मर्यादा 5,000 च. खात्यातली एकूण रक्कम 60,000 च्या वर गेली की वरची बँकेत येते. "हे तर बाजाराचेच पैसे आहेत" म्हणून ते सैल हाताने खेळले जातात, ते आम्ही एका दिवाळीत अनुभवलं.

खातं बायकोच्या नावावर उघडलं तर?

हा प्रस्ताव बहुधा पहिल्या खात्यात मोठा तोटा झाल्यानंतर येतो. नाही म्हणा. ज्याच्या नावावर खातं, त्याच्यावर ब्रोकरच्या बाकीची जबाबदारी. नवऱ्याने दिलेल्या पैशांवर बायकोच्या खात्यात झालेलं उत्पन्न प्राप्तिकरात सहसा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं, त्यामुळे कर वाचेल हेही खरं नाही. ओटीपी आणि पासवर्ड एकमेकांना देऊ नका. मला त्यांचा पासवर्ड माहीत नाही आणि नकोही आहे. शनिवारी ते लॉग इन करतात, मी शेजारी बसते.

दुसरं खातं लपवून ठेवलं असेल तर कळेल का?

बऱ्याच अंशी. डीमॅट खाती पॅनला जोडलेली असतात आणि एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून ईमेलवर एकत्रित स्टेटमेंट येतं, त्याला सीएएस म्हणतात. सगळ्या डीमॅट खात्यांतले शेअर आणि म्युच्युअल फंड त्यात एका जागी दिसतात. फक्त ऑप्शनचे सौदे करणारं खातं मात्र त्यात रिकामंच दिसेल. त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट बघा, पैसे कुठल्याही ब्रोकरकडे गेले तरी आधी बँकेतूनच जातात. आढाव्याला आम्ही सीएएस आणि दोघांची बँक स्टेटमेंट्स उघडतो. दोघांची. माझंही.

प्राप्तिकराचं काय?

इंट्राडे आणि एफ अँड ओ हे दोन्ही व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं, त्यामुळे नोकरदारालाही आयटीआर-3 भरावा लागतो. तोटा झाला असेल तरी रिटर्न मुदतीत भरा. मग एफ अँड ओचा तोटा पुढची 8 वर्षं आणि इंट्राडेचा 4 वर्षं पुढे ओढता येतो. पगारातून तो वजा होत नाही. बाकी तुमच्या सीएला विचारा.

स्टॅम्प पेपरवर करायचा का? नोटरी?

त्यावर पैसे घालवू नका. नवरा-बायकोच्या घरगुती ठरावाला कोर्ट सहसा करार मानत नाही. 1919 सालचा बाल्फोर विरुद्ध बाल्फोर हा इंग्लंडमधला निकाल आपल्याकडेही कायद्याच्या वर्गात शिकवतात, तो याच मुद्द्यावरचा आहे. पैसे उसने दिल्याचा किंवा मालमत्तेचा विषय असेल तर वकिलाकडे जा, ती वेगळी गोष्ट. या पानाचा उपयोग एवढाच, की भांडणाच्या वेळी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणता येत नाही. आमचं पान वहीचं आहे, निळ्या शाईतलं.

नवरा सही करायला तयारच नसेल तर?

सहीचा विषय तोटा झालेल्या रात्री काढू नका. आणि "तुम्ही ट्रेडिंग बंद करा" पासून सुरुवात करू नका. मी फक्त एवढं विचारलं होतं, "महिन्याला किती गेले तर तुम्हाला स्वतःला चालेल?" त्यांनी 10,000 सांगितले. मी उरलेल्या पैशांचा कागद समोर ठेवला. 5,000 वर ते आपणहून आले. तरीही नकारच असेल, तर निदान घराचे हप्ते आणि मुलांचे पैसे जिथून जातात ते खातं ट्रेडिंगला जोडलेल्या बँक खात्यापासून वेगळं करा. त्याला सही लागत नाही.

करार मोडला तर?

एकदा मोडला, तर बसून हिशेब करा. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी मोडला होता. एका महिन्यात 7,300 गेले. ठरल्याप्रमाणे तो महिना आणि शिवाय करार मोडला म्हणून पुढचा महिनाही ट्रेडिंग बंद राहिलं आणि वरचे 2,300 वर्षाच्या बजेटमधून कमी केले. दंड म्हणून त्यांच्या हातखर्चाला कात्री लावायचं मी तेव्हा सुचवलं होतं. ते केलं नाही, आणि बरं झालं. दंड असला की माणूस सांगायचं टाळतो.

पण दोनदा-तीनदा मोडला, दुसरं खातं सापडलं, लोन ॲपचे मेसेज येऊ लागले, पतसंस्थेतून किंवा मित्रांकडून घेतलेले पैसे तिसऱ्याकडून कळू लागले, तर आकडे बदलून काही होणार नाही. झोप उडालेली असते, बाजार बंद असतानाही फोन हातातून सुटत नाही, मुलांवर ओरडणं वाढतं. तो जडलेला नाद आहे आणि त्यावर उपचार होतात. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, किंवा टेलिमानसच्या 14416 या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. ती मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. घरात जबरदस्ती किंवा मारहाण होत असेल, तर करारासाठी समोर बसूच नका. आधी माहेरच्या किंवा विश्वासातल्या माणसाला सांगा आणि तुमच्या नावाचे पैसे आणि कागदपत्रं हातात घ्या.

पान कुठे ठेवायचं?

आमचं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे, लाइट बिलांच्या पिशवीच्या वर. आढावा झाला की खाली तारीख आणि दोघांच्या आद्याक्षरांची सही. आता अकरा ओळी झाल्या आहेत. जागा संपत आली, म्हणून 10 तारखेला दुसरं पान लावायचं आहे.